फेसवॉशची ट्यूब उलटी करून पाहा

मेडिकलच्या काउंटरवर दोन ट्यूब शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दोन्हींवर ‘ऑइल कंट्रोल’ छापलेलं, दोन्हींवर ‘सॅलिसिलिक ॲसिड’ हे शब्द ठळक अक्षरांत, आणि किमतीतही फारसा फरक नाही. तेलकट चेहऱ्याने आणि कपाळावरच्या पुटकुळ्यांनी वैतागलेली कॉलेजची मुलगी त्यांतली जास्त फेस येणारी ट्यूब उचलते. तिचा विचार सरळ असतो : तेल जास्त आहे, तेव्हा ते काढणारी वस्तूही तितकीच कडक हवी.

आता दोन्ही ट्यूब उलट्या करून मागची बारीक अक्षरं वाचू. एकीवर पाण्यानंतर मिरिस्टिक ॲसिड, स्टीअरिक ॲसिड, लॉरिक ॲसिड ही नावं येतात आणि त्यांच्या सोबतीला पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दुसरीवर पाण्यानंतर कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड, ग्लिसरीन. पुढून जुळ्या बहिणी वाटणाऱ्या या दोन वस्तू चेहऱ्यावर अगदी वेगळं काम करतात, कारण पहिली ट्यूब म्हणजे सरळ सरळ साबण आहे. मिरिस्टिक, स्टीअरिक, लॉरिक ही स्निग्धाम्लं आहेत. त्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखा तीव्र अल्कली मिसळला की साबण तयार होतो. अंगाचा साबण वडी बनून येतो आणि हा मऊ मलमासारखा ट्यूबमधून येतो, एवढाच काय तो फरक.

फेसवॉश निवडताना बहुतेक जण पुढच्या बाजूचा ‘खास घटक’ पाहतात. कडुनिंब, टी ट्री, सॅलिसिलिक, चारकोल. चेहरा कोरडा पडेल की नाही हे मात्र त्या घटकापेक्षा मैल धुऊन काढणारा मूळ पदार्थ कोणता, यावर जास्त ठरतं. तो पदार्थ मागच्या यादीत असतो, आणि ती यादी वाचायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

त्यासाठी आधी चेहऱ्यावर धुण्यासारखं काय आहे आणि काय धुऊन जाता कामा नये, हे वेगळं करावं लागतं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो : मृत, चपट्या पेशी या विटा आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं यांचा सिमेंट. या थराची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन शतांशांएवढीच असते. आतलं पाणी आत ठेवणं आणि बाहेरचा त्रास बाहेर ठेवणं ही दोन्ही कामं तो करतो. इंग्रजी जाहिरातींतून आलेला ‘स्किन बॅरिअर’ हा शब्द यालाच उद्देशून असतो.

नाकावर आणि कपाळावर चमकणारं तेल म्हणजे हा सिमेंट नव्हे. ते तेल, म्हणजे सीबम, त्वचेतल्या तैलग्रंथींतून रोमरंध्रांवाटे वर येतं आणि पृष्ठभागावर पसरतं. त्याची घडणही वेगळी आहे. म्हणूनच एकाच चेहऱ्यावर तेल भरपूर आणि खालची भिंत मात्र खिळखिळी, अशी स्थिती सहज असू शकते. जपानी संशोधकांनी 1995 मध्ये मुरुमं असलेल्या लोकांची त्वचा तपासली, तेव्हा निरोगी त्वचेच्या तुलनेत तिच्यातून पाणी जास्त उडून जातं आणि तिच्यात सिरॅमाइड कमी असतात, असं त्यांना आढळलं. तेलकट त्वचा ‘जाड कातडीची’ असते आणि तिला काहीही चालतं, हा समज इथेच खोटा ठरतो. मुरुमांच्या चेहऱ्याला उलट जास्त जपावं लागतं.

साबण नेमका काय बिघडवतो, हेही समजून घेण्यासारखं आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. त्याचा पीएच साधारण 4.5 ते 5.5 च्या आसपास भरतो. जर्मनीतल्या शाडे आणि मार्किओनिनी या दोघांनी 1928 मध्ये या आम्ल आवरणाचं वर्णन केलं होतं. साबणाचा पीएच 9 ते 10 असतो. साबणाने तोंड धुतलं की त्वचेचा पीएच वर चढतो आणि पुन्हा खाली यायला काही तास लागतात. सिरॅमाइड तयार करणारी विकरं आम्ल वातावरणातच नीट काम करतात, आणि पेशींना एकमेकींशी बांधणारे दुवे तोडणारी विकरं पीएच वाढला की जोर धरतात. म्हणजे दुरुस्ती मंदावते आणि मोडतोड वाढते. शिवाय साबण वरच्या तेलासोबत भिंतीतला थोडा सिमेंटही घेऊन जातो. एकदा धुतल्याने निरोगी त्वचेचं फार बिघडत नाही, ती भरून काढते. दिवसातून चार-पाच वेळा, रोज, महिनोन्‌महिने हेच चाललं की भरून काढायला उसंतच मिळत नाही.

मुरुमांवर याचा परिणाम होतो का? जर्मनीत हान्स कॉर्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सौम्य मुरुमं असलेल्या तरुणांच्या एका गटाला साबण आणि दुसऱ्या गटाला 5.5 पीएचची, साबण नसलेली वडी तीन महिने वापरायला दिली. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दुसऱ्या गटातल्या लाल, सुजलेल्या पुटकुळ्या कमी झाल्या. साबणवाल्या गटात तशी घट दिसली नाही. धुण्याची पद्धत तीच, बदललं ते फक्त धुण्याचं द्रव्य.

पहिल्या ट्यूबमध्ये आणखी एक गंमत दडलेली आहे. सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं, म्हणून ते रंध्राच्या तोंडाशी साचलेला गाळ सैल करू शकतं. पण त्यासाठी ते आम्लाच्याच रूपात राहायला हवं. साबणाच्या अल्कलीत त्याचं क्षार होतं, आणि क्षाराच्या रूपात ते त्वचेत फारसं शिरत नाही. ट्यूबवर छापलेला घटक खरोखर आत आहे, कंपनी खोटं बोलत नाही, पण ज्या कामासाठी पैसे मोजले ते काम त्याच्याकडून होत नाही.

‘सल्फेट-फ्री’ या शिक्क्याचंही असंच आहे. सोडियम लॉरिल सल्फेट हे द्रव्य त्वचेला झोंबतं, यात शंका नाही. त्वचेचा दाह मोजायचा असला की प्रयोगशाळेत मुद्दाम तेच लावून पाहतात. पण साबणात सल्फेट नसतंच. त्यामुळे पहिल्या ट्यूबवर ‘सल्फेट-फ्री’ असं छापलं तरी ते शंभर टक्के खरं आणि तरीही निरुपयोगी. उलट बाजूही पाहावी : सोडियम लॉरेथ सल्फेट हे नावाने जवळचं असलं तरी लॉरिल सल्फेटपेक्षा सौम्य आहे. त्याच्यासोबत यादीत कोकामिडोप्रोपिल बीटेन असेल तर ते आणखी मवाळ होतं, कारण ही दोन द्रव्यं मिसळली की त्वचेला एकट्या सल्फेटइतकी झोंबत नाहीत. पावसाळ्यात मुंबईच्या लोकलमधून घामाघूम होऊन येणाऱ्या, खूप तेलकट चेहऱ्याच्या पण त्वचा नाजूक नसलेल्या तरुणाला असा फेसवॉश व्यवस्थित चालू शकतो. ‘पीएच 5.5’ हाही एकट्याने पुरेसा दाखला नाही. तीव्र द्रव्याचा पीएच खाली आणला तरी त्याचा कडकपणा पूर्ण जात नाही.

तेव्हा यादी वाचायची ती अशी. भारतातल्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिली पाच-सहा नावं वाचली की बहुतेक गोष्ट कळते. त्यांत स्निग्धाम्लं दिसली आणि पुढे पोटॅशियम किंवा सोडियम हायड्रॉक्साइडही असलं, तर तो साबण. नुसतं सोडियम हायड्रॉक्साइड यादीच्या शेवटी असेल तर घाबरायचं कारण नाही, ते पीएच जुळवण्यासाठी चिमूटभर घातलेलं असतं. काही कंपन्या तयार साबणाचं नाव लिहितात, म्हणजे पोटॅशियम मिरिस्टेट, सोडियम पामेट वगैरे. तोही साबणच. याउलट कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल किंवा कोको ग्लुकोसाइड, सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट अशी नावं सुरुवातीला असतील आणि जवळपास ग्लिसरीन असेल, तर ती ट्यूब घरी न्यायला हरकत नाही. सुगंध आणि मेंथॉल यांचा स्वच्छतेशी काही संबंध नाही. मेंथॉलने गार वाटतं, चेहरा ‘जागा झाल्यासारखा’ वाटतो, पण आधीच सोललेल्या त्वचेला ते झोंबतं.

यादी वाचूनही शंका राहिली तर घरी एक साधी तपासणी करता येते. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात पीएचच्या कागदी पट्ट्या मिळतात. चमचाभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये हरभऱ्याएवढा फेसवॉश ढवळायचा, पट्टी बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. रंग 5 ते 6 च्या घरात आला तर उत्तम, 7 पर्यंत ठीक. पट्टी 9 च्या निळसर-हिरव्या रंगाकडे झुकली की समजायचं, हा साबण आहे. नळाचं किंवा बोअरचं पाणी मात्र वापरायचं नाही, कारण त्याचा स्वतःचाच पीएच 7 च्या वर असू शकतो आणि मोजमाप फसतं. फेसवॉश गडद रंगाचा असेल तर पट्टीचा रंगही नीट वाचता येत नाही, तिथे यादीवरच भरवसा ठेवावा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर त्याकडे नीट पाहायला हवं, कारण महाराष्ट्रात तो फेसवॉशइतकाच महत्त्वाचा आहे. मराठवाड्यात, विदर्भात, पुण्याच्या वाढत्या उपनगरांत हजारो घरं बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालतात. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. साबण त्यांच्याशी संयोग पावतो आणि न विरघळणारा पांढरट साका तयार होतो. बादलीच्या आतल्या कडेला जो चिकट थर जमतो तो हाच. चेहऱ्यावरही तो उरतो, कितीही पाणी मारलं तरी पूर्ण निघत नाही, आणि मग ‘अजून स्वच्छ झालं नाही’ म्हणून पुन्हा साबण लावला जातो. जड पाण्याची तक्रार एकट्या साबणापुरती नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवलं की, पाणी जितकं जड तितकं लॉरिल सल्फेटही त्वचेवर जास्त शिल्लक राहतं आणि दाह वाढवतं. बीटेन आणि ग्लुकोसाइड यांना कॅल्शियमचा तेवढा अडथळा होत नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी साबणाची ट्यूब टाळायला हे एकच कारण पुरेसं आहे.

हे सगळं एकत्र आलं की काय होतं, याचं एक नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. छत्रपती संभाजीनगरच्या वसतिगृहात राहणारी विशीतली मुलगी, असं समजा. पाणी बोअरचं. त्वचारोगतज्ज्ञांनी तिला रात्री लावायला अडॅपलीनचं जेल दिलं आहे. हे औषध रंध्रं तुंबू देत नाही, म्हणजे मुरुमाच्या मुळाशीच काम करतं, पण पहिल्या काही आठवड्यांत त्वचा थोडी कोरडी करतं. मुलगी सकाळी, कॉलेजहून आल्यावर, संध्याकाळी आणि झोपताना साबणाच्या फेसवॉशने तोंड धुते. त्याशिवाय मैत्रिणीच्या सांगण्यावरून आठवड्यातून दोनदा अक्रोडाच्या कवचाचं स्क्रब घासते. तिसऱ्या आठवड्यात नाकपुड्यांच्या कडा लाल होतात, हनुवटीवर कोंड्यासारखी साल निघते, दुपारी बारा वाजता कपाळ मात्र चकाकत असतं. जेल लावल्यावर आग होते. ती निष्कर्ष काढते की औषध मानवलं नाही, आणि ते बंद करते.

मानवला नाही तो फेसवॉश. पण सुट्टी मिळाली ती औषधाला. असे अर्धवट सोडलेले उपचार हे या चुकीचं सगळ्यात महाग मोल आहे. आपल्याकडच्या सावळ्या, गव्हाळ त्वचेत त्यात भर पडते ती डागांची, कारण दाह कशानेही झाला तरी मागे काळसर डाग राहतो आणि पुटकुळी बसल्यावरही तो महिनोन्‌महिने जात नाही.

या मुलीने काय करायचं? स्क्रब लगेच बंद. साबणाची ट्यूब बाजूला. बीटेन किंवा ग्लुकोसाइडवर आधारलेला, बिनवासाचा फेसवॉश दिवसातून दोनच वेळा. यासाठीही आधार आहे : अमेरिकेत 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुरुमं असलेल्या तरुणांना दिवसातून एकदा, दोनदा आणि चारदा तोंड धुवायला सांगितलं होतं. दोनदा धुणाऱ्यांना सर्वांत चांगला गुण आला, चारदा धुण्याने जास्तीचं काही मिळालं नाही, आणि एकदाच धुणाऱ्यांची मुरुमं वाढली. म्हणजे अजिबात न धुणं हाही उपाय नाही. खेळून किंवा उन्हातून घाम येऊन आल्यावर तिसऱ्यांदा धुवायला हरकत नाही, एरवी दुपारी नुसतं पाणी किंवा टिपकागद पुरतो.

धुण्याची रीतही ठरलेली असावी. पाणी कोमट, कडक गरम नाही. चेहरा आधी ओला करायचा, हरभऱ्याएवढा फेसवॉश तळहातावर फेसाळून बोटांच्या टोकांनी अर्धा मिनिट फिरवायचा. नाकाच्या कडा, कपाळावरची केसांची रेघ आणि जबड्याखालचा भाग नीट धुवायचा, कारण द्रव्य तिथेच राहून जातं. मऊ टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही. त्वचा ओलसर असतानाच जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर लावायचं. तेलकट चेहऱ्याला ते नको, असं बहुतेकांना वाटतं. पण इथे कमतरता तेलाची नसून भिंतीची आहे. अडॅपलीन कायमचं सोडायचं नाही, पण आग थांबेपर्यंत काही दिवस थांबून मग एक रात्र आड सुरू करायचं का, हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

आग आणि ताण साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत कमी व्हायला लागतात. मुरुमांचा हिशेब मात्र इतक्या लवकर मांडायचा नसतो. आज वर दिसणारी पुटकुळी कित्येक आठवड्यांपूर्वी आत तुंबलेल्या रंध्रातून आलेली असते. म्हणून कोणत्याही उपचाराला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात.

फेसवॉश आपल्याला मानवतो आहे की नाही, हे ओळखायची खूण चेहरा धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी मिळते. काही न लावता थांबायचं. हसताना गाल ताणले जात असतील, बोट फिरवल्यावर त्वचा खरखरीत लागत असेल, रोजचंच मॉइश्चरायझर झोंबत असेल, तर तो फेसवॉश कडक आहे, मग त्यावर कितीही सौम्य असल्याचं लिहिलेलं असो. करकरीत, कोरडं वाटणं ही स्वच्छतेची पावती नाही. आणि दोन-तीन तासांनी कपाळावर पुन्हा तेल दिसलं तर तो फेसवॉशचा पराभवही नाही. तैलग्रंथींना हुकूम मिळतो तो प्रामुख्याने ॲन्ड्रोजन संप्रेरकांकडून. वरून कितीही पुसलं तरी त्या आपलं काम करतच राहतात.

मग सॅलिसिलिक किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड असलेले फेसवॉश घ्यायचेच नाहीत का? घ्यावेत, पण जागा पाहून. काळी-पांढरी टोकं जास्त, लाल पुटकुळ्या कमी, आणि दुसरं कोणतंही औषध चालू नाही, अशांना सौम्य द्रव्यातला, 2 टक्क्यांपर्यंत सॅलिसिलिक असलेला फेसवॉश उपयोगी पडतो. सुरुवात रोज एकदा. लाल, पू भरलेल्या पुटकुळ्यांना बेंझॉइल पेरॉक्साइड बरं. ते मुरुमांतल्या जंतूंना मारतं, आणि जंतू त्याला दाद न देण्याची सवय लावून घेत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. ते मिनिट-दोन मिनिटं चेहऱ्यावर ठेवून धुवायचं. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा वापरायचा, कारण रंगीत कापडाचा रंग ते उडवतं. पण अडॅपलीन किंवा ट्रेटिनॉइन चालू असेल तर फेसवॉश साधाच असावा. औषध जेलमध्ये आहे, ते रात्रभर त्वचेवर राहतं. फेसवॉश अर्ध्या मिनिटात मोरीत वाहून जातो.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. बेसनाने घासणं म्हणजे बारीक स्क्रबच, सुजलेल्या पुटकुळ्यांवर ते नको. लिंबाचा रस फार आम्ल, खाण्याचा सोडा अल्कली, दोन्ही भिंतीला त्रासदायक, आणि लिंबू लावून उन्हात गेल्यावर डाग पडतात ते वेगळेच. टूथपेस्ट दातांसाठी आहे.

चांगल्यात चांगला फेसवॉशसुद्धा पृष्ठभागापुरता असतो. खोलवर दुखणाऱ्या गाठी, पुटकुळी बसल्यावर राहणारे खड्डे, पाळी अनियमित असताना हनुवटी-जबड्यावर वाढणारी मुरुमं, किंवा कुणीतरी दिलेलं ‘गोरेपणाचं’ स्टेरॉइड मलम लावल्यानंतर उठलेल्या पुटकुळ्या, यांतलं काहीही असेल तर नवी ट्यूब शोधत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. जाताना सध्या वापरत असलेली फेसवॉशची ट्यूब आणि सगळी मलमं पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे मागची यादी डॉक्टरांनाही वाचता येईल.